ग्रुप फोटोत दादाची जागा

तुमच्या स्वतःच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत, तुमच्या आणि तुमच्या आईच्या मधोमध, लग्नाला न आलेल्या माणसासाठी जागा सोडली तर तुम्हाला चालेल का?

उत्तर लगेच देऊ नका. ‘चालेल की, त्यात काय’ असं म्हणणारे बहुतेक जण आपापल्या घरातले थोरले निघतात, असा माझा अनुभव आहे. मी धाकटा आहे. माझं लग्न झालं तेव्हा थोरला भाऊ आखातात होता आणि तरीही त्या फोटोत सगळ्यात जास्त जागा त्यानंच अडवली. ती कशी, ते सांगतो.

आमचं घर वाशीला, नव्या वसाहतीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. रस्ते रुंद आणि माणसं तुरळक, अशी तेव्हाची वाशी. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर आणि युनियनचे जुने कार्यकर्ते. मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवरून. ‘निषेध’ हा शब्द मी ‘निबंध’च्या आधी शिकलो. रविवारी सकाळी सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांचा गठ्ठा घरी यायचा आणि आम्ही दोघं भाऊ फरशीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. दादाच्या घड्या तिरक्या यायच्या, माझ्या सरळ. पुढं ती पत्रकं मीच लिहायला लागलो. आईला त्याचं काही वाटत नव्हतं असं नाही, पण ते ‘शाईचे हात धू आणि जेवायला बस’ इतक्यावर संपायचं.

दादा फिटर झाला आणि आखातात गेला. पत्र लिहिणं त्याला कधी जमलं नाही, म्हणून तो कॅसेट पाठवायचा. गावाकडचा कोणी सुट्टीवर येताना ती आणून देई. तिच्यात दादाचं बोलणं भरलेलं असे: आई, इथं ऊन फार आहे. आई, मी जेवलो. आई, इथली भाकरी म्हणजे नुसती चादर आहे. मध्येच तो गप्प बसे आणि नुसता पंख्याचा आवाज येत राही. आई तो पंखासुद्धा ऐकायची. मी गेटसभेत तासभर बोलून, घसा बसवून घरी यायचो आणि दार उघडताना बाबांना काही सांगायला लागलो की आई टेपरेकॉर्डरवरून मान न उचलता म्हणायची, “हळू रे. दादा बोलतोय.”

माझी बायको जवळच्या सारसोळे कोळीवाड्यातली. तिचे वडील खाडीत मासे धरतात. ती शाळा पुरी करून टायपिंग शिकली आणि बाबांच्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट लागली. युनियनचं एक निवेदन टाइप करून हवं होतं, त्यात तिनं माझी अर्धी विशेषणं उडवली. तिथून ओळख. आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरवलं. हुंडा नाही, मानपान नाही, मुहूर्त नाही. पत्रिकेऐवजी मी एक पत्रक लिहिलं. बाबांनी ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “चांगलंय. फक्त मागण्या राहिल्या.”

दादाला रजा मिळाली नाही. आईनं एक कॅसेट भरून पाठवली, त्यात ती काय बोलली ते मला माहीत नाही, कारण तिनं दार लावून घेतलं होतं.

नोंदणीनंतर संध्याकाळी वाशीतल्याच एका शाळेच्या हॉलमध्ये चहा-फराळ ठेवला होता. फोटो काढायला शेजारच्या सेक्टरमधला एक स्टुडिओवाला होता. पन्नाशीचा, केसांना कलप, खिशाला दोन पेनं आणि स्वतःचा उल्लेख ‘आम्ही आर्टिस्ट लोक’ असा करणारा. त्याच्याकडं पोटाशी धरून वरून खाली बघायचा चौकोनी कॅमेरा होता. रंगीत फिल्म मुंबईच्या लॅबला धुवायला पाठवावी लागे आणि ते काम दुसऱ्याच्या हातात देणं त्याला मानवत नसे, म्हणून तो कृष्णधवलच काढायचा.

ग्रुप फोटोसाठी त्यानं सगळ्यांना बाहेर पटांगणात घेतलं. ऊन एका बाजूनं, तिरकं येत होतं. मधोमध आम्ही दोघं. तिच्या पलीकडं तिचे वडील, इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडलेले. माझ्या अलीकडं आई, आईपलीकडं बाबा. मी आईजवळ सरकायला गेलो तर ती म्हणाली, “तिथंच थांब. इथं जागा ठेवायची आहे.”

“कुणासाठी?”

“दादासाठी.”

मला वाटलं फोटोवाला हसेल. तो हसला नाही. त्या वर्षांत घराघरातलं कोणी ना कोणी आखातात होतं आणि अशी जागा ठेवायला सांगणारी आई त्याला नवी नव्हती. त्यानं शांतपणे विचारलं, “उंची किती, मातोश्री? ह्यांच्याएवढी?”

“ह्याच्यापेक्षा जरा जास्त,” आई म्हणाली.

माझ्या लग्नात, माझ्या शेजारी, माझ्यापेक्षा जरा जास्त उंचीची मोकळी जागा आखली गेली. फोटोवाला खाली बघून काच जुळवत होता तेवढ्यात बायकोचा एक काका, ‘इथं कोण नाय वाटतं’ म्हणत त्या जागेत शिरायला लागला. आईनं झटकन डावा हात आडवा केला. एसटीत शेजारची सीट धरून ठेवतात तसा. काका मागं सरला, आईचा हात तसाच राहिला आणि बटण दाबलं गेलं.

तीनएक आठवड्यांनी पत्र आलं. स्टुडिओ चालत दहा मिनिटांवर, तरी पत्र पोस्टानं आलेलं. वर कॅमेऱ्याचं चित्र, खाली वळणदार अक्षर. पत्र आम्हा दोघांच्या नावे होतं. लोक दुकानात एक बोलतात आणि अल्बम हातात पडल्यावर दुसरंच, म्हणून आपण आपली पद्धत नेहमी लिहून कळवतो, अशी सुरुवात होती. सोबत कॉन्टॅक्ट प्रिंट होत्या, म्हणजे निगेटिव्हच्याच आकाराचे छोटे चौकोनी फोटो एका कागदावर ओळीनं छापलेले. पत्र माझ्याकडं आहे. त्यातला मजकूर असा:

‘उभयतांस सप्रेम नमस्कार. ज्या फोटोंवर लाल फुली आहे ते मी अल्बमला घेणार नाही. डोळे मिटलेले, तोंडात घास असलेले, हललेले. उरलेल्यांतून तुम्ही निवडावे. पण एकाच प्रसंगाचे तीन फोटो निवडू नयेत, अल्बम कंटाळवाणा होतो. मी जोडप्याला बदामात, कमळात किंवा तळहातावर बसवत नाही. ज्यांना ते हवे असते त्यांना मी दुसऱ्या स्टुडिओचा पत्ता देतो.

‘रिटचिंग दोन जागी होते. निगेटिव्हवर मी कठीण शिशाच्या पेन्सिलीने काम करतो. पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, घामाच्या रेघा एवढेच. निगेटिव्हवर जे गडद ते फोटोत उजळ येते, म्हणून पेन्सिलीने डाग उजळ करता येतो. गडद करायचे तर निगेटिव्ह पात्याने खरवडावी लागते आणि खरवडलेले परत भरून येत नाही, म्हणून चेहऱ्यावर मी पाते लावत नाही. धुळीमुळे छापील फोटोवर पांढरे ठिपके येतात, ते ब्रशने शाई लावून भरतो. डोक्यामागून निघालेली वायर, खांब वगैरे त्याच ब्रशने शक्य तितके दाबतो. वधूचा चेहरा छापताना एक छटा उजळ करून देतो. हे सर्वांनाच देतो, वेगळे सांगावे लागत नाही.’

“हे वाच,” मी बायकोला म्हणालो. माझं डोकं तापलं होतं. “वेगळं सांगावं लागत नाही! कुणी ठरवलं? याच्यावर चार ओळी लिहिल्याच पाहिजेत.”

“चार कशाला,” ती म्हणाली आणि तिनं त्या वाक्यावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. “खालचं वाच. तुझी खरी गंमत खाली आहे.”

खाली ग्रुप फोटोबद्दल होतं.

‘तुमच्या मातोश्रींच्या सांगण्यावरून ग्रुपमध्ये जागा ठेवली आहे. आता तीन मार्ग आहेत. एक: तुमच्या बंधूंचा उभा फोटो पाठवावा. मी तो मापात छापून, कापून, कडा मागून घासून पातळ करून ग्रुपवर चिकटवीन, सांधा ब्रशने बुजवीन आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढून त्यावरून अल्बमची प्रत करीन. ग्रुपमध्ये ऊन डावीकडून आहे, तेव्हा बंधूंवरही प्रकाश डावीकडूनच हवा. उजवीकडून असल्यास फोटो उलटा छापावा लागेल. मग कोटाचा खिसा, घड्याळ, केसांचा भांग, सर्व दुसऱ्या बाजूस जाईल. हेही कळवणे माझे कर्तव्य आहे की फोटोचा फोटो मूळ फोटोइतका स्वच्छ येत नाही. बाकी सर्वांचे चेहरे किंचित मऊ होतील. दोन: बंधूंचा चेहरा वर कोपऱ्यात लंबगोलात छापता येईल. तीन: जागा आहे तशी राहील. मातोश्रींचा हात त्या जागेत आला आहे, पहिल्या मार्गात तो झाकला जाईल. उभयतांनी विचार करून, दोघांच्या सह्यांनी कळवावे. छायाचित्र ही आठवणींची सोन्याची पेटी आहे.’

त्या रात्रीच मी उत्तर लिहिलं. फोटो ही साक्ष आहे. जो माणूस हजर नव्हता त्याला हजर दाखवणं म्हणजे खोटी साक्ष. मालक हजेरीच्या मस्टरवर खोट्या सह्या करून घेतात तेव्हा आपण गेटवर उभे राहतो, आणि घरच्या भिंतीवर खोटं मस्टर लावायचं? माझं हे म्हणणं आजही तसंच आहे, एक अक्षर मागं घेत नाही. पण ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं मस्टर नव्हतं. दादा होता. कोट घातलेला, माझ्यापेक्षा जरा जास्त उंच, माझ्या आणि आईच्या मध्ये. हजर मी होतो. पाण्याची पिंपं मी भरली, सतरंज्या मी आणल्या, आईला नोंदणीच्या ऑफिसात जिन्यावरून हाताला धरून मी नेलं. तो आला नाही तरी त्याची जागा झाली आणि मी होतो तरी मला ‘तिथंच थांब’.

सकाळी मी तो मसुदा चहाच्या वेळी वाचून दाखवला. बाबा ऐकत होते.

“छान,” ते म्हणाले. “आता एक कर. तुझ्या भावाला रजा मिळाली नाही यावर एक पत्रक काढ. ते मालकाच्या विरोधात होईल. हे आईच्या विरोधात आहे.”

“बाबा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“असेल. तत्त्वाला एवढा घाम येतो का?”

आई बशीत चहा ओतत होती. मी तिला म्हटलं, “दुसरा मार्ग आहे ना, कोपऱ्यात गोलात छापू. तोही दिसेल आणि खोटंही होणार नाही.”

तिनं कपबशी खाली ठेवली. “गोलात मेलेली माणसं असतात. तुझे आजोबा गोलात आहेत. माझा मुलगा कामावर गेलाय.”

बायकोनं माझ्या हातातला मसुदा काढून घेतला. सही दोघांची लागणार होती, त्यामुळं तिच्या मताला वजन होतं आणि ते ती वापरत नव्हती.

“तुझं काय म्हणणं?” मी तिला नंतर गॅलरीत विचारलं.

“आधी त्यांचा फोटो येऊ दे. चेहरे मऊ होतात म्हणजे किती, ते मला बघायचंय.”

“म्हणजे तुझी हरकत नाही?”

“तू भांडतोयस भावाशी. मी अजून कुणाशीच भांडत नाही. बघू तर दे.”

दादाचा फोटो महिन्याभरात आला, कॅसेटसोबत. आईनं आधीच त्याला निरोप धाडला होता, म्हणजे आमच्या सह्यांची वाट बघायची तिला गरज वाटली नव्हती. फोटोत दादा एका लांबलचक गाडीशेजारी उभा होता. गाडी कुणाची ते त्यालाच ठाऊक. करड्या रंगाचा कोट, मनगटावर घड्याळ, चेहऱ्यावर असं हसू की जणू लग्न त्याचंच आहे. कॅसेटमध्ये तो म्हणत होता, “आई, कोट मुद्दाम धाकट्याच्या लग्नासाठी शिवला. फोटोवाल्याला म्हणावं, गाडी काप, मला ठेव.” आई हसता हसता डोळे पुसत होती. माझ्या लग्नात मी खादीचा सदरा घातला होता, तत्त्वानं. आता त्याच्या शेजारी मी कोणासारखा दिसणार होतो? त्याचं सामान उतरवायला आलेल्या माणसासारखा.

फोटोत ऊन उजवीकडून होतं.

“बघा,” मी जरा आनंदानंच म्हणालो. “उलटा छापावा लागणार.”

“छापू दे,” आई म्हणाली. “तुम्ही सह्या नंतर करा. आधी तो कसा दिसतो ते बघू.”

फोटोवाल्यानं नमुना बनवायचं कबूल केलं. चिकटवून ठेवतो, बघा, पसंत पडलं तरच पुढचं काम, असं ठरलं. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं स्टुडिओत गेलो: आई, बायको आणि मी. बायकोनं वडिलांनाही बोलावलं होतं, ते सारसोळ्याहून परस्पर आले आणि दारातच उभे राहिले. स्टुडिओ म्हणजे पुढं एक काउंटर आणि मागं काळा पडदा. काउंटरवर उतरती काच बसवलेली एक पेटी होती, आत दिवा. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवून तो पेन्सिलीचं काम करायचा. त्यानं ती पेटी आम्हाला न विचारता दाखवली, पेन्सिलीचं सुईसारखं टोक दाखवलं, आपण कोणाकोणाच्या सुना सुंदर केल्या तेही सांगितलं. बायको म्हणाली, “माझं तसंच ठेवा. तुमच्या पत्रातल्या त्या वाक्यावर मी रेघ मारली आहे.”

“ताई, सगळ्या आधी असंच म्हणतात.”

“मी नंतरही असंच म्हणेन.”

मग त्यानं आधी एक जुना जोड दाखवला. कुणा दुसऱ्याच्या लग्नाचा ग्रुप, मूळ आणि त्याचा फोटो काढून केलेली प्रत. लांबून दोन्ही सारखेच. जवळ घेतल्यावर प्रतीतले चेहरे धुऊन वाळत घातल्यासारखे वाटत होते. पांढरं जास्त पांढरं, काळं जास्त काळं आणि मधलं सगळं गेलेलं. बायकोनं भिंग मागितलं. तिनं आमच्या ग्रुपच्या कॉन्टॅक्ट प्रिंटवर आपल्या वडिलांचा चेहरा बघितला. त्या डाळीच्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावर वाऱ्यानं आणि खारानं पडलेली रेघ न् रेघ उमटली होती, हनुवटीवरचे पांढरे खुंटसुद्धा. त्यांचा याआधीचा एकच फोटो होता, कुठल्या तरी ओळखपत्रासाठी काढलेला, त्यात ते गुन्हेगार दिसत.

ते दारातून म्हणाले, “माजा तोंड हाय तसाच ऱ्हाऊ दे बाबा. पुसू नको.”

“पुसत नाही काका, फक्त किंचित मऊ होतं.”

“मऊ मावरा कोन घेत नाय,” ते म्हणाले. मऊ पडलेली मासळी गिऱ्हाईक घेत नाही, एवढं फोटोवाल्यालाही कळलं. तो हसला, पण बायको हसली नाही. मला दिसलं की तिचं ठरलं. माझा पक्ष एकदम मोठा झाला होता आणि त्यात माझी कमाई काहीच नव्हती.

“आता हे बघा,” म्हणत त्यानं पडद्यामागून नमुना आणला आणि आईसमोर ठेवला.

काम चांगलं होतं, हे मला मान्य करावं लागलं आणि मला ते आवडलं नाही. सांधा शोधूनही सापडत नव्हता. ऊन आमच्यावर पडलं होतं तसंच दादावर पडलं होतं. तो आमच्या मधोमध उभा होता, थेट, भरीव, करड्या कोटात. आई आणि तो, आणि मग मी. त्यात मी खरोखरच शेजारच्या घरातला वाटत होतो. मी नजर काढून त्या दिव्याच्या पेटीकडं बघत राहिलो.

आई बराच वेळ वाकून बघत होती. मग तिनं विचारलं, “हा कोण?”

फोटोवाला गोंधळला. “मातोश्री, तुमचे थोरले चिरंजीव. तुम्हीच फोटो पाठवलात.”

“त्याची खोक डाव्या भुवईवर आहे. सायकल शिकताना पडला होता. ह्याची उजवीकडं आहे. भांगही उजवीकडं.”

“उजेडासाठी उलटवला ना. पत्रात कळवलं होतं मी. तरी हरकत नाही, खोक इकडची ब्रशनं बुजवतो, तिकडं काढून देतो.”

“तुम्ही काढून देणार? ती पडली तेव्हा मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं होतं.”

आईचं बोट आता फोटोवर सरकत होतं, दादाच्या कोटाच्या कडेशी थांबलं. “आणि माझा हात?”

“तो त्यांच्या कोटामागं गेला. दिसणं शक्य नाही. तेही लिहिलं होतं.”

“माझा हात कापला?”

“झाकला, मातोश्री.”

आई सरळ उभी राहिली. तिनं कॉन्टॅक्ट प्रिंटचा कागद ओढून घेतला आणि भिंगातून तो छोटा चौकोन बघितला, ज्यात जागा रिकामी होती आणि तिचा हात आडवा होता. “मग मी त्याची जागा धरून ठेवली होती, ते कुणाला कळणार?” ती म्हणाली. भिंग खाली ठेवून म्हणाली, “राहू दे. आहे तसाच छापा.”

“जागा रिकामी दिसेल.”

“रिकामीच आहे. तो आला नाही ना?”

मी माझ्या मसुद्यात दोन पानं खर्ची घालून जे म्हटलं होतं, ते तिनं एका वाक्यात म्हणून टाकलं. बायकोनं पर्समधून टाइप केलेला कागद काढला. ग्रुप फोटो जसा आहे तसा छापावा. वधूचा रंग आहे तो राहील. दोन ओळी, खाली दोन सह्यांची जागा. तो तिनं घरूनच करून आणला होता. आम्ही काउंटरवर सह्या केल्या.

परत येताना मी हवेत होतो. आई पुढं बायकोच्या वडिलांशी बोलत चालली होती. बायको म्हणाली, “खूश?”

“खोटं टळलं.”

“दादा टळले म्हण ना.”

मी म्हटलं, दोन्ही. पण मला तेव्हा कळायला हवं होतं. चिकटवलेला दादा काही दिवसांत फोटोतला एक माणूस झाला असता. दहाजणांतला एक, कोटवाला. त्याच्याकडं कोणी दुसऱ्यांदा बघितलं नसतं. आता बैठकीच्या खोलीत तो फोटो फ्रेममध्ये लागला आहे. त्यात चेहरे स्वच्छ आहेत, बायकोचे वडील तर जिवंत समोर उभे वाटतात, आणि मधोमध एक भोक आहे. घरी येणारा प्रत्येक माणूस, युनियनचा असो की सोसायटीचा, चपला काढतो, पाणी पितो, वर बघतो आणि विचारतो, “इथं कोण होतं?” की आई पदर सारखा करून बसते. मग दादा, मग आखात, मग रजा, मग तो काका कसा शिरत होता आणि तिनं हात कसा घातला. कॅसेटही लावली जाते. मी सरबताचे ग्लास आणून ठेवतो. नवरदेव कोण, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी दादा सुट्टीवर आला. बॅगा ठेवल्या आणि पहिल्यांदा त्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. मग रिकाम्या जागेवर काचेवरून बोट टेकून आईला म्हणाला, “माझी आहे ना अजून?”

“तुझीच आहे,” आई म्हणाली.

मला वाटलं तो माझ्याकडं वळून काही म्हणेल. तो वळला, माझ्या पाठीवर जोरात थाप मारली आणि म्हणाला, “सदरा काय घातलास रे, कोट पाठवला असता की.” प्रेमानं म्हणाला. तेच तर जास्त लागतं. तो परत गेला तरी त्याच्या बोटाचा तेलकट ठसा त्या काचेवर आहे. आई रोज ती फ्रेम पुसते, पण त्या ठशाभोवतीनं पुसते.

मी आजही म्हणतो की जो नव्हता त्याला चिकटवू नये. फोटोवाले, आया, सगळ्यांना मी हेच सांगेन. पण जागा सोडणंही बंद करा, असं सांगायची माझी छाती होत नाही, कारण त्या जागेत आईचा हात आहे आणि तो खरा आहे. मग माझ्यासारख्यांनी करायचं काय? तुमच्याकडं एकच मागणं आहे, आणि ते आज-उद्यातच पुरं करता येण्यासारखं आहे. कुणाच्या घरी भिंतीवर असा फोटो दिसला तर त्या रिकाम्या जागेबद्दल विचारायच्या आधी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडं बोट करा. सदरा घातला असेल त्यानं. ‘हा कोण?’ म्हणून विचारा, आणि उत्तर त्याच्या आईकडून घ्या.